डिसग्राफिया असलेल्या मुलीला पेपर टाइप करू द्यावा, यासाठी शाळेला पत्र कसं लिहावं

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. डिसग्राफियाचा रिपोर्ट मिळालाय. तोंडी विचारलं की सगळं येतं, पण पेपर अर्धाच लिहून होतो आणि तोही वाचता येत नाही. परीक्षेत कीबोर्डवर टाइप करू द्या, असं पत्र शाळेला दिलं, सोबत रिपोर्टची झेरॉक्स जोडली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघू, आधी अक्षराचा सराव करून घ्या." दोन महिने झाले, पुढे काही हललं नाही. पत्रात नेमकं काय लिहायला हवं होतं?

उत्तर: तुमचं पत्र मी वाचलेलं नाही, पण अशी बरीच पत्रं माझ्यासमोर येतात आणि त्यांचा साचा जवळपास ठरलेला असतो. सुरुवातीला निदान, मग "तिला खूप त्रास होतो", शेवटी "तरी तिला योग्य ती सवलत मिळावी ही विनंती". मुख्याध्यापिकांच्या खुर्चीत बसून हे वाचून पाहा. त्यांच्या मनात दोन प्रश्न येतात. कीबोर्ड दिल्याने या मुलीच्या पेपरात खरंच फरक पडेल का? आणि पडणार असेल, तर परीक्षेच्या दिवशी माझ्या शाळेत हे चालवायचं कसं? कुणाचा कॉम्प्युटर, कोण बसणार, कॉपी झाली तर काय, लाइट गेली तर काय? रिपोर्टमधून पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं काहीच मिळत नाही. म्हणून "बघू". विशेष शिक्षिका म्हणून शाळेच्या बाजूनेही मी अशा बैठकांना बसते. ज्या पत्रात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं असतात, त्याला सहसा "बघू" म्हणता येत नाही.

पत्र लिहिण्याआधी रिपोर्ट पुन्हा काढा आणि त्यात एक गोष्ट शोधा. डिसग्राफिया हा शब्द आपण सगळे वापरतो, पण निदानाच्या पुस्तकात, म्हणजे २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, ते स्वतंत्र निदान म्हणून येत नाही. तिथे 'लेखी अभिव्यक्तीतील अडचण' हा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार आहे आणि त्याचे निकष शुद्धलेखन, व्याकरण, विरामचिन्हं आणि मजकुराची मांडणी यांचे आहेत. बोटांच्या हालचालींची, अक्षरं वळवण्याची अडचण हा वेगळा धागा आहे, तो बहुतेक वेळा हालचालींच्या समन्वयाच्या निदानाखाली जातो. दोन मुलांच्या रिपोर्टवर एकच शब्द असला तरी आतली अडचण वेगळी असू शकते. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की तुमच्या मुलीचं कुठे अडतं: अक्षर काढताना, की वाक्य रचताना. अक्षर काढताना अडत असेल तर कीबोर्ड मोठं काम करतो. मुख्य अडचण वाक्यरचनेची आणि मांडणीची असेल तर कीबोर्डने पेपर वाचनीय होईल, पण अपुरा राहील, आणि मग शाळा म्हणेल, "दिला ना कीबोर्ड, काय झालं?" तोंडी सगळं येतं असं तुम्ही म्हणता, त्यावरून पहिला प्रकार जास्त संभवतो. तरी खात्री करून घ्या. तिला एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करायला सांगा आणि ते ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवा. बोललेलं उत्तर मुद्देसूद आणि पूर्ण असेल तर अडथळा हातात आहे.

रिपोर्टच्या शेवटी शिफारशी असतात. तिथे नुसतं "परीक्षेत सवलती द्याव्यात" असं असेल तर त्याचा पत्राला फारसा उपयोग नाही. ज्यांनी मूल्यमापन केलं त्यांच्याकडे जाऊन एक स्पष्ट वाक्य घालून घ्या: लेखी परीक्षेत दीर्घ उत्तरांसाठी कीबोर्डचा वापर करू द्यावा. बहुतेक जण हे पुरवणी पत्रावर आनंदाने देतात, फक्त कुणी मागत नाही.

आता खरा पुरावा. तो घरी तयार होतो आणि त्याला दोन दिवस पुरतात. हाताच्या लेखनाचा वेग मोजायच्या प्रमाणित चाचण्यांमध्ये दहा मिनिटं सलग लिहायला लावतात आणि दर दोन मिनिटांनी मजकुरात खूण करतात. तीच रीत आपण उसनी घ्यायची. एका दिवशी हाताने, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कीबोर्डवर. विषय सारख्याच सोपेपणाचे ठेवा, "माझा आवडता खेळ" आणि "सुट्टीचा एक दिवस" असे, म्हणजे माहितीचा फरक मध्ये येणार नाही. दर दोन मिनिटांनी तुम्ही "खूण" म्हणायचं, तिने लिहीत होती तिथे तिरपी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. कीबोर्डवर आडव्या रेघेची कळ दाबायची. शब्द सुचवणारं, चुका दुरुस्त करणारं सगळं बंद. मग प्रत्येक तुकड्यातले शब्द मोजा. हाताने लिहिलेला कागद तुमच्या मुलीला न ओळखणाऱ्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्या आणि जो शब्द त्या व्यक्तीला वाचता येणार नाही त्याभोवती गोल करायला सांगा. हे काम आईने करू नये. आईला सगळंच वाचता येतं.

तुमच्या मुलीच्याच वयाच्या एका मुलाचे आकडे सांगते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. हाताने लिहिताना पहिल्या दोन मिनिटांत त्याचे २१ शब्द झाले, मग १८, १४, ११ आणि शेवटच्या दोन मिनिटांत ८. एकूण ७२. यातले १५ शब्द परक्या माणसाला वाचता आले नाहीत, आणि त्यातले ९ शेवटच्या चार मिनिटांत लिहिलेल्या १९ शब्दांपैकी होते. कीबोर्डवर त्याचे तुकडे होते २३, २४, २२, २३ आणि २१. एकूण ११३, आणि सगळे वाचता येण्याजोगे.

त्याच्या आईला ७२ आणि ११३ हा फरक मोठा वाटला. मला मात्र २१ वरून ८ वर आलेली उतरण जास्त बोलकी वाटली, आणि शाळेतही तीच पटली. वर्गशिक्षिकांना तोवर वाटत होतं की पहिलं उत्तर बरं लिहितो म्हणजे मनात आणलं तर जमतं, पुढे कंटाळा करतो. उतरणीचे आकडे पाहिल्यावर चित्र उलटलं. पहिली दोन मिनिटं हात साथ देतो, पुढे प्रत्येक अक्षरासाठी वेगळं लक्ष द्यावं लागतं, आणि ते लक्ष उत्तरातून काढून घेतलं जातं. इतर मुलांचं अक्षर या वयात आपसूक वळतं, डोकं उत्तरासाठी मोकळं राहतं. या मुलांचं डोकं 'क'च्या दांड्यातच अडकून पडतं. म्हणूनच लांब पेपरात शेवटची उत्तरं तोकडी होत जातात आणि शुद्धलेखनही ढासळतं, येत असलेल्या शब्दांचंसुद्धा.

आकडे उलटे आले तर? म्हणजे कीबोर्डवर तिचे शब्द हातापेक्षा कमी निघाले, तर पत्र थांबवा. टाइप करताना ती दोन बोटांनी कळा शोधत असेल तर आपण एक ओझं उतरवून दुसरं चढवतोय. या परिस्थितीत परीक्षेत कीबोर्ड मिळाला तर गुण कमी पडू शकतात आणि शाळेला पुढे कायमचं बोट दाखवायला जागा मिळते. दोन-तीन महिने रोज पंधरा मिनिटं न बघता टाइप करण्याचा सराव करवा, मग पुन्हा मोजा. निदान हाताच्या वेगाइतका वेग आणि शेवटपर्यंत तो न ढळणं, एवढं दिसल्याशिवाय मी पत्र देऊ देत नाही.

पेपर मराठीत असेल तर सरावाआधी कीबोर्डची मांडणी ठरवा. मोबाइलवर बहुतेक मुलं इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि वर येणाऱ्या शब्दांतून योग्य तो निवडतात. परीक्षेत हे चालणार नाही आणि चालू नये, कारण तिथे शुद्धलेखन यंत्र करतं, मूल फक्त निवडतं. इन्स्क्रिप्ट मांडणी शिकवा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती मिळते, लिनक्समध्येही असते. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनं उजव्या हाताकडे, त्यामुळे एकदा हात बसला की दोन्ही हात आलटून पालटून चालतात. 'क्त' लिहायला `k`, मग पाय मोडायला `d`, मग `l`. ऱ्हस्व वेलांटी `f` वर आणि दीर्घ वेलांटी `r` वर आहे. ही शेवटची गोष्ट मी शाळेत मुद्दाम दाखवते. भाषेच्या शिक्षकांना भीती असते की कॉम्प्युटर शुद्धलेखन करून देईल. दोन वेलांट्यांच्या दोन कळा समोर दिसल्या की त्यांच्या लक्षात येतं, पहिली की दुसरी हे मुलीलाच ठरवावं लागतंय.

एवढं हातात आलं की पत्र. खालचा नमुना दीड पानात बसतो, त्याहून लांब करू नका. रिकाम्या जागा तुम्ही भरा, आणि आकडे अर्थातच तुमच्या मुलीचे घाला.

> दिनांक: ……
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> ……………………
>
> विषय: इयत्ता सातवी, तुकडी …, हजेरी क्र. … या विद्यार्थिनीस लेखी परीक्षेत दीर्घ उत्तरांसाठी कीबोर्ड वापरण्याची परवानगी मिळण्याबाबत.
>
> संदर्भ: माझे दि. …… चे पत्र.
>
> महोदया,
>
> माझी मुलगी कु. …… आपल्या शाळेत सातवीत शिकते. तिला डिसग्राफिया असल्याचे दि. …… च्या मूल्यमापन अहवालात नमूद आहे (पान …). त्याच अहवालात पान … वर परीक्षेत कीबोर्ड वापरू देण्याची शिफारस आहे. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> तिला विषय समजण्यात किंवा तोंडी उत्तरे देण्यात अडचण नाही. हाताने लिहिताना वेग काही मिनिटांतच घसरतो आणि अक्षर वाचता येईनासे होते. घरी दोन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा मिनिटांचे लेखन करून घेतले. हाताने एकूण ७२ शब्द झाले. पहिल्या दोन मिनिटांत २१ आणि शेवटच्या दोन मिनिटांत ८. त्यातील १५ शब्द तिला न ओळखणाऱ्या व्यक्तीस वाचता आले नाहीत. शब्द सुचवण्याची व दुरुस्तीची सोय बंद ठेवून कीबोर्डवर ११३ शब्द झाले आणि वेग शेवटपर्यंत टिकला. दोन्ही मूळ कागद जोडले आहेत. असेच लेखन शाळेत, आपल्या शिक्षकांसमोर पुन्हा करून घ्यावे अशी माझी विनंती आहे.
>
> येत्या घटक चाचणीपासून भाषा, सामाजिक शास्त्रे व विज्ञान या विषयांत दोन वा अधिक वाक्यांची उत्तरे तिला टाइप करू द्यावीत. रिकाम्या जागा, जोड्या, आकृत्या, नकाशे आणि गणिताचा संपूर्ण पेपर ती इतरांप्रमाणे हाताने सोडवेल.
>
> यासाठी पुढील व्यवस्था सुचवते. कॉम्प्युटर शाळेचा असावा. शक्य नसल्यास आमचा लॅपटॉप आदल्या दिवशी शाळेच्या ताब्यात देऊ. परीक्षेसाठी शाळेने नवे, रिकामे खाते उघडावे. इंटरनेट बंद असावे. शुद्धलेखन तपासणी, आपोआप दुरुस्ती आणि शब्द सुचवणे बंद असावे. बैठक पर्यवेक्षकांना पडदा दिसेल अशी असावी. पेपर संपताच पर्यवेक्षकांसमोर छापील प्रत काढून प्रत्येक पानावर तिची सही घ्यावी, ती उत्तरपत्रिकेस जोडावी आणि फाइल शाळेने स्वतःकडे ठेवावी. वीज गेल्यास किंवा यंत्र बंद पडल्यास गेलेला वेळ भरून द्यावा आणि उरलेला पेपर ती हाताने लिहील.
>
> हाताने लिहिण्याचा सराव घरी सुरू राहील. शुद्धलेखनाच्या गुणांत सूट किंवा जादा वेळ या पत्राद्वारे मागत नाही.
>
> दि. …… पर्यंत आपला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. त्याआधी भेटीस बोलावल्यास मी येईन.
>
> आपली विश्वासू,
> ……………………
>
> सोबत: १) मूल्यमापन अहवाल २) हाताने लिहिलेला कागद ३) कीबोर्डवरील मजकुराची छापील प्रत

यातल्या काही वाक्यांवर बोलायला हवं. "शाळेत पुन्हा करून घ्यावे" हे वाक्य काढू नका. घरच्या आकड्यांवर शाळेने का विश्वास ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो त्यांनी विचारण्याआधीच तुम्ही सोडवलेला असतो. वीस मिनिटांचं काम आहे. जिथे हे शाळेत झालं, तिथे नंतर वाद फार झाला नाही, कारण आकडे आता शाळेचे स्वतःचे होते.

गणित वगळण्याचं कारण सरळ आहे. अपूर्णांक, वर्गमुळं, उभी मांडणी हे सगळं कीबोर्डवर लिहायला हातापेक्षा जास्त वेळ लागतो, सातवीच्या मुलीला तर नक्कीच. शिवाय सगळंच मागितलं की शाळेला ते नाकारणं सोपं जातं. गणितात आकडे रकान्यात बसत नसतील तर चौकटीचा कागद मागा, पण वेगळ्या पत्रात.

जादा वेळ आणि शुद्धलेखनाची सूट यांबद्दल मला पालकांशी नेहमी वाद घालावा लागतो. तिन्ही गोष्टी एका पत्रात आल्या की शाळा त्यातली स्वतःला सोपी वाटणारी एक देते, आणि ती बहुतेक वेळा जादा वेळ असते. ज्याचा वेग दर मिनिटाला घसरतोय, त्याला अर्धा तास जास्त देणं म्हणजे अर्धा तास जास्त दमवणं. आधी कीबोर्ड मिळू दे. एक-दोन चाचण्यांनंतर टाइप करूनही पेपर पुरा होत नसेल, तर मग वेळ मागायला तुमच्याकडे ठोस कारण असेल. शुद्धलेखनाचं तसंच. तिची अडचण स्पेलिंगचीही असेल तर तो रिपोर्टचा वेगळा भाग आहे, त्यासाठी वेगळी मागणी.

व्यवस्थेच्या परिच्छेदात यंत्राची तयारी लिहिली आहे, ती प्रत्यक्षात कुणीतरी बसून करावी लागते. शब्दांखालच्या लाल रेघा दिसेनाशा केल्या म्हणजे काम झालं, असा समज असतो. आपोआप दुरुस्ती ही वेगळी सोय आहे आणि ती रेघा न दाखवता गुपचूप शब्द बदलते. लिबरऑफिस रायटरमध्ये `Shift+F7` ने रेघा जातात, पण दुरुस्ती आणि शब्द पुरा करणं `Tools > AutoCorrect Options` मध्ये जाऊन बंद करावं लागतं. वर्डमध्ये रेघा आणि दुरुस्ती दोन्ही `File > Options > Proofing` मध्ये आहे. "साधं नोटपॅड वापरा, त्यात काही नसतं" हा जुना सल्लाही आता तपासून घ्या. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये २०२४ पासून शुद्धलेखन तपासणी आणि दुरुस्ती आली आहे. खातरजमा करायची रीत एकच: शिक्षकांसमोर दोन-चार शब्द मुद्दाम चुकीचे टाइप करा आणि ते तसेच राहतात का पाहा. अक्षराचा आकार १४, ओळींत दीड पट अंतर, डावीकडे गुण लिहायला रुंद समास, आणि प्रत्येक पानावर बैठक क्रमांक. तपासणाऱ्या शिक्षकांना छापील उत्तरपत्रिका अनोळखी वाटते. समास नसला की त्यांची चिडचिड होते, आणि ती तुमच्या मुलीच्या वाट्याला यायला नको.

आता बैठकीत काय ऐकायला मिळेल ते. "आम्ही लेखनिक देतो ना" हे सर्वांत आधी येतं, आणि शाळेच्या मनात त्यामागे काही वाईट नसतं, लेखनिकाची पद्धत त्यांना माहीत असते. शांतपणे सांगा की सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. बाराव्या वर्षी अनोळखी माणसाला पूर्ण वाक्यं, स्वल्पविराम आणि परिच्छेद यांसकट उत्तर सांगणं बहुतेक मुलांना जमत नाही. ती त्रोटक बोलतात, लाजतात, चूक झाली तर "राहू दे" म्हणतात. पडद्यावर तिला स्वतःचं वाक्य दिसतं, मागे जाऊन बदलता येतं, आणि उत्तर तिचंच आहे का, ही शंकाही कुणाला उरत नाही. तरी लेखनिकाला कायमचा नकार देऊ नका. यंत्र ऐनवेळी बंद पडलं आणि उरलेला पेपर हाताने लिहिणं झेपलं नाही, तर तोच उपयोगी पडेल.

"मग अक्षर कधी सुधारणार?" यावर भांडू नका. सराव सुरू ठेवतोय असं पत्रात लिहिलंय, तेच सांगा. फक्त सराव आणि परीक्षा वेगळ्या करा. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो.

"एकीला दिलं तर सगळे मागतील." याचं उत्तर तुमच्या जोडपत्रांत आहे. ज्याच्याकडे मूल्यमापनाचा अहवाल आणि उतरणीचे आकडे असतील, त्याने जरूर मागावं. मला आजवर अशी रांग लागलेली दिसलेली नाही. कुणी समानतेचा मुद्दा फारच ताणला, तर अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या कराराचं कलम २४ सांगता येतं. त्यात शिक्षणामध्ये त्या-त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची गोष्ट आहे. पण पहिल्या पत्रात कलमं घालू नका, असं माझं मत आहे. कलम दिसलं की पत्र मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून उठून कुठल्यातरी वरच्या कार्यालयात जातं आणि तिथे पडून राहतं. आकडे दिसले तर त्या स्वतः निर्णय घेऊ शकतात.

पत्र हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. आधीच्या पत्राची पोच नसेल, तर दोन महिने का गेले त्याचं हेही एक कारण असू शकतं. दिलेल्या तारखेपर्यंत काही कळलं नाही तर दोन ओळींचं स्मरणपत्र. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. बऱ्याचदा लेखी कारण द्यायची वेळ आली की नकाराचं "एकदा करून बघू" होतं.

आणि "एकदा करून बघू" हेच तुम्हाला हवं आहे, म्हणून नमुन्यात वार्षिक परीक्षेऐवजी घटक चाचणी मागितली आहे. पहिल्या टाइप केलेल्या पेपरात हमखास काही गोष्टी बिघडतात. प्रश्नांचे क्रमांक घालायचे राहतात आणि चार उत्तरांचा एक सलग परिच्छेद होतो. हात मोकळा झाल्याच्या आनंदात मूल पहिल्याच प्रश्नावर दोन पानं लिहितं आणि शेवटचा प्रश्न तसाच राहतो. शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड जोडलेलाच नसतो आणि ते पेपर सुरू झाल्यावर कळतं. कळांचा आवाज शेजारच्यांना जाचतो, तिला मागच्या कोपऱ्यात किंवा वेगळ्या खोलीत बसवावं लागतं. हे सगळं लहान चाचणीत घडलं तर पुढच्या वेळी सुधारता येतं. आदल्या आठवड्यात तिला शाळेच्याच कॉम्प्युटरवर एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला मिळाली तर यातलं निम्मं टळतं. क्रमांकांसाठी रिकामा साचा करून ठेवता येतो: प्रश्न १ अ, १ ब, २ अ असं आधीच छापलेलं, मध्ये जागा. तो साचा शिक्षकांनीच बनवावा, म्हणजे त्यात काय आहे याची शंका राहत नाही.

चाचणी झाल्यावर तिची टाइप केलेली उत्तरपत्रिका आणि आधीच्या चाचणीची हाताने लिहिलेली उत्तरपत्रिका, दोन्हींच्या प्रती शाळेकडून मागून घ्या आणि तारखेनिशी एका फाइलमध्ये लावा. बोर्डाच्या परीक्षेसाठी अर्ज करायची वेळ येईल तेव्हा ही सोय नवी मागताय की मुलगी कित्येक वर्षं अशीच पेपर देत आली आहे, हे विचारलं जाण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याचं उत्तर त्या फाइलमध्ये असेल. सातवीत सुरुवात केलीत तर दहावीपर्यंत त्यात पुरेसे पेपर जमा होतात. दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना मंजुरीच्या पत्राची एक प्रत द्यायला मात्र विसरू नका, कारण वर्ग बदलला की ते पत्र कपाटातच राहतं आणि नवे शिक्षक पहिल्या चाचणीला तिच्यासमोर कोरी उत्तरपत्रिका ठेवतात.